नेक पडल्यानंतर ट्रू स्ट्रेसचा आलेख खाली का येतो आणि तो दुरुस्त कसा करायचा

वाळूज एमआयडीसीत मी टेस्टिंगचं काम करतो. वर्षातून चार-पाच वेळा तरी एकच तक्रार येते. कधी छत्रपती संभाजीनगरातल्या कॉलेजातला प्रोजेक्टचा मुलगा असतो, कधी जालन्याच्या रोलिंग मिलमधला क्वालिटीवाला, कधी कोल्ड फोर्जिंगच्या डिझाइन विभागातला एखादा नवा इंजिनीअर. म्हणणं असं असतं: "सर, इंजिनीअरिंग कर्व्हवरून ट्रू कर्व्ह काढला, पण तोही शेवटी खालीच येतोय. पुस्तकात तर तो तुटेपर्यंत चढत जातो. मशीन बिघडलंय का?"

मशीन बहुतेक वेळा ठीकच असतं. चूक एक्सेलमध्ये असते, आणि बहुतेकदा एकाच जागी. मॅक्सिमम लोडपर्यंतच लागू असलेलं सूत्र सॅम्पल तुटेपर्यंत खाली ओढत नेलेलं असतं.

ते सूत्र सगळ्यांना पाठ आहे:

```
s = P / A0              (इंजिनीअरिंग स्ट्रेस)
e = (L - L0) / L0       (इंजिनीअरिंग स्ट्रेन)
sigma   = s * (1 + e)   (ट्रू स्ट्रेस)
epsilon = ln(1 + e)     (ट्रू स्ट्रेन)
```

शेवटच्या दोन ओळी कुठून आल्या ते आठवलं की अडचण तिथेच दिसते. प्लास्टिक अवस्थेत धातूचं घनफळ जवळपास बदलत नाही, म्हणून `A * L = A0 * L0`. त्यातून `A` काढून `P / A` मध्ये घातला की `s * (1 + e)` मिळतं. पण इथे एक गोष्ट न बोलता मान्य केलेली असते. गेज लेंथचा प्रत्येक मिलिमीटर सारखाच ताणला जातोय आणि सारखाच बारीक होतोय, असं आपण धरलेलं असतं. नेक पडली, म्हणजे बार एकाच जागी बारीक व्हायला लागला, की हे खरं राहत नाही. घनफळ तेव्हाही कायम असतं, पण ताणणं एका छोट्या पट्ट्यात गोळा होतं आणि बाकीचा बार जवळपास जिथल्या तिथे थांबतो. एक्स्टेन्सोमीटर मात्र दोघांची सरासरी दाखवत राहतो. त्या सरासरीला नेकमधल्या धातूचा स्ट्रेन मानणं हीच सगळी चूक आहे.

घरी कणकेचा गोळा दोन्ही हातांनी ओढून बघा. आधी तो सगळीकडे सारखा लांबतो, मग मध्येच एका ठिकाणी बारीक होतो आणि त्यापुढचं सगळं ताणणं तिथेच होतं. ज्वारीचं पीठ तसंच ओढलं तर नेक न पडताच तुटतं. ठिसूळ धातूंचं असंच होतं, आणि त्यांच्या बाबतीत ही समस्या येतही नाही.

आता एक सॅम्पल सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघू. गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे शिकायला आलेल्या गंगापूरच्या एका मुलीने हे आकडे काढले होते. माइल्ड स्टीलचा गोल बार, व्यास १० मिमी, गेज लेंथ ५० मिमी, मूळ क्षेत्रफळ ७८.५४ चौरस मिमी. मॅक्सिमम लोड ३५.० किलोन्यूटन, तेव्हाचा स्ट्रेन ०.२२. तुटताना लोड कोसळायला लागण्याआधीचं शेवटचं रीडिंग २६.० किलोन्यूटन. दोन तुकडे जुळवून मोजलं तर गेज लेंथ ६८ मिमी झाली होती, म्हणजे इलाँगेशन ३६ टक्के. तुटलेल्या जागचा सर्वांत लहान व्यास ६.० मिमी.

तिने सूत्र शेवटपर्यंत ओढलं होतं. मॅक्सिमम लोडला इंजिनीअरिंग स्ट्रेस ४४६ आणि ट्रू स्ट्रेस ५४४ मेगापास्कल आला. तुटताना इंजिनीअरिंग स्ट्रेस ३३१, त्याला १.३६ ने गुणून ट्रू स्ट्रेस ४५०, आणि ट्रू स्ट्रेन ०.३१. तिने मला विचारलं, "सर, शेवटी स्टील मऊ पडतं का?"

म्हटलं, "अगं, लोड कमी होतोय. स्टील मऊ पडतंय असं कोण म्हणालं? नेकमध्ये व्यास किती उरला होता ते आकडेमोडीत कुठे घेतलंस?"

व्यास घेतला की चित्र पालटतं. ६.० मिमी व्यासाचं क्षेत्रफळ २८.२७ चौरस मिमी. २६,००० न्यूटन भागिले २८.२७ म्हणजे ९२० मेगापास्कल. ट्रू स्ट्रेनही आता लांबीवरून न काढता व्यासावरून काढायचा, `2 * ln(d0/d)`, म्हणजे `2 * ln(10/6)`, म्हणजे १.०२. सूत्राने ०.३१ सांगितलेला स्ट्रेन प्रत्यक्षात त्याच्या तिप्पट होता, आणि ४५० सांगितलेला स्ट्रेस दुपटीहून जास्त.

तुमच्या फाइलमध्ये ही चूक आहे का, हे मिनिटभरात कळतं. शेवटच्या ओळीतला ट्रू स्ट्रेन बघा आणि `ln(1 + इलाँगेशन)` काढा. दोन्ही जुळले, जसं इथे `ln(1.36)` बरोबर ०.३१ येतं, तर सूत्र शेवटपर्यंत ओढलं गेलंय हे नक्की. याच सॅम्पलमध्ये रिडक्शन ऑफ एरिया ६४ टक्के आहे. खरा शेवटचा ट्रू स्ट्रेन त्यावरून येतो: `ln(1/(1-0.64))`, म्हणजे पुन्हा १.०२. रिडक्शन ऑफ एरियाचा आकडा बऱ्याच टेस्ट सर्टिफिकेटांवर छापलेला असतो, आणि तो बाजूला पडून राहतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

यापुढची चूक जरा फसवी आहे, आणि ती चांगल्या चांगल्यांकडून होते. काही जण म्हणतात, ठीक आहे, ट्रू कर्व्ह जिथे खाली वळतो तिथे कापून टाकू. कापायलाच हवं, पण त्या जागी नाही. मॅक्सिमम लोडला इंजिनीअरिंग स्ट्रेसचा चढ शून्य होतो, पण `1 + e` वाढतच असतो, म्हणून दोघांचा गुणाकार मॅक्सिमम लोडनंतरही थोडा वेळ चढतो. आमच्या सॅम्पलमध्ये स्ट्रेन ०.२७ ला लोड ३४.० किलोन्यूटनवर आला होता. तिथे सूत्र देतं ५५० मेगापास्कल, म्हणजे ५४४ पेक्षा जास्त. त्यानंतर ते उतरायला लागलं. ०.२२ ते ०.२७ मधला कर्व्ह दिसायला चांगला चढता आहे, पण तो चुकीचाच आहे. त्या क्षणी नेकमध्ये व्यास ८.३ मिमी होता, म्हणजे तिथला खरा स्ट्रेन ०.३७ आणि सरासरी ट्रू स्ट्रेस ६२८. कापायची जागा इंजिनीअरिंग कर्व्हच्या माथ्यावरच असते. ट्रू कर्व्हच्या माथ्यावर कापू नका.

इंजिनीअरिंग कर्व्हचा माथा सपाट असतो आणि लोडसेलच्या रीडिंगमध्ये थोडी थरथर असते. त्यामुळे मॅक्सिमम लोडची ओळ नेमकी कोणती, यावर वाद होतात. लोडचा आकडा हलत नाही, पण स्ट्रेन ०.२१ धरायचा की ०.२३, हा प्रश्न उरतो. इथे फ्रेंच इंजिनीअर आर्मां कॉन्सिदेअरने १८८५ मध्ये मांडलेली कसोटी कामी येते. सारखं ताणणं टिकतं, कारण बार जितका बारीक होतो तितकाच धातू कडकही होत जातो. ट्रू कर्व्हचा चढ ट्रू स्ट्रेसइतका खाली आला की कडक होणं बारीक होण्याला पुरं पडत नाही, आणि तिथे नेक सुरू होते. म्हणून एकाच आलेखावर `sigma` आणि `d(sigma)/d(epsilon)` काढा. दोन्ही जिथे एकमेकांना छेदतील ती नेकची सुरुवात. चढ काढण्याआधी डेटा थोडा गुळगुळीत करून घ्या, नाहीतर चढाच्या आलेखात नुसती काट्यांची रांग दिसेल.

`sigma = K * epsilon^n` हे समीकरण धातूला नीट बसत असेल तर याच कसोटीतून निघतं की नेक सुरू होतानाचा ट्रू स्ट्रेन `n` इतकाच असतो. आमच्या बारमध्ये `ln(1.22)` म्हणजे ०.१९९. कर्व्हच्या सुरुवातीच्या भागावरून फिट करून काढलेला `n` ०.१२ वगैरे आला तर थांबा. एकतर समीकरण त्या स्टीलला बसत नाहीये, किंवा स्ट्रेनच चुकीचा मोजलाय. ही दुसरी शक्यता आमच्याकडे फार दिसते. सॅम्पल तुटताना एक्स्टेन्सोमीटर खराब होईल या भीतीने तो यील्डनंतर काढून ठेवतात आणि पुढचा स्ट्रेन क्रॉसहेडच्या सरकण्यावरून काढतात. त्यात ग्रिपमधलं घसरणं, मशीनचं स्वतःचं लवचिक ताणणं आणि खांद्याजवळचा भाग, सगळं मिसळतं. भीती रास्त आहे, पण मग एक्स्टेन्सोमीटर निदान मॅक्सिमम लोड ओलांडेपर्यंत तरी ठेवा. त्यानंतर तो काढला तरी चालतो, कारण पुढे त्याचं रीडिंग तसंही आपल्याला वापरायचं नाहीये.

वापरायचं का नाही, हे गेज लेंथ बदलून बघितलं की पटतं. आमच्या बारमध्ये एकूण १८ मिमी वाढीपैकी ११ मिमी सारख्या ताणण्यातली, उरलेली ७ मिमी नेकची. तोच बार १०० मिमी गेज लेंथवर मोजला असता तर २२ अधिक ७, म्हणजे २९ टक्के इलाँगेशन आलं असतं. २५ मिमीवर ५.५ अधिक ७, म्हणजे ५० टक्के. स्टील तेच, नेक तीच. म्हणजे माथ्यानंतरची इंजिनीअरिंग कर्व्हची शेपूट एकट्या स्टीलची नसते, गेज लेंथ बदलली की तीही बदलते. एकाच हीटचे रिपोर्ट दोन लॅबमधून वेगळे आले म्हणून भांडणारे मी पाहिले आहेत. एकाने ५० मिमीवर मोजलेलं आणि दुसऱ्याने वेगळ्याच लांबीवर. म्हणून तर सळईच्या मानकात, आयएस १७८६ मध्ये, गेज लेंथ क्षेत्रफळाला बांधलेली आहे: `5.65 * sqrt(A)`. इलाँगेशनचा आकडा वाचताना तो कोणत्या गेज लेंथवरचा हे आधी विचारा.

मग नेकनंतरचा कर्व्ह हवाच असेल तर तो कसा काढायचा? नेकचा व्यास मोजत जायचं. त्यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही. आम्ही माथा ओलांडला की क्रॉसहेडचा वेग मिनिटाला एक मिमीच्या आसपास आणतो, ट्रायपॉडवर मोबाइल नेकच्या अगदी समोर, सॅम्पलपासून शक्य तितका लांब ठेवून झूम करतो, आणि लोडचा डिस्प्लेही त्याच व्हिडिओत येईल असं बघतो. पिक्सेलचं मिमीत रूपांतर करायला सॅम्पलचा न ताणलेला जाड खांदा उपयोगी पडतो, कारण त्याचा व्यास व्हर्नियरने आधीच मोजलेला असतो. मागे पांढरा कागद लावला तर कडा स्पष्ट दिसतात. मशीन थांबवून व्हर्नियर लावायचा मोह टाळा. क्रॉसहेड थांबला की लोड स्वतःहून थोडा उतरतो, आणि त्या उतरलेल्या लोडला भागून काढलेला स्ट्रेस कमी येतो.

असे माथ्यानंतरचे आठ-दहा बिंदू मिळाले की `P / A` चा कर्व्ह चढताना दिसतो. पण काम इथे संपत नाही, कारण आता तो जास्तच चढतो. नेक पडलेल्या जागी बार वळणदार झालेला असतो. बाहेरच्या बाजूचा धातू वाकून येतो आणि आतल्या भागाला आडवं बाहेर ओढतो. मधोमध तिन्ही दिशांनी ताण पडतो, आणि असा चहूबाजूंचा ताण असला की तोच धातू वाहायला ओढीच्या दिशेने जास्त जोर लागतो. म्हणून ९२० हा आकडा स्टीलची खरी ताकद आणि नेकच्या आकाराने वाढवलेला स्ट्रेस यांची बेरीज आहे. पर्सी ब्रिजमन यांनी १९४० च्या दशकात यासाठी दुरुस्ती दिली, आणि गोल बारसाठी आजही तीच वापरतात:

```
sigma_eq = (P/A) / [ (1 + 2R/a) * ln(1 + a/(2R)) ]
```

यात `a` म्हणजे नेकमधली त्रिज्या, इथे ३.० मिमी, आणि `R` म्हणजे नेकच्या बाहेरच्या वळणाची त्रिज्या. `R` साठी आम्ही तुटलेले तुकडे जुळवून फोटो काढला आणि वळणावर वर्तुळ बसवलं. ते ३.२ मिमी आलं. भाजक निघतो १.२०, आणि ९२० चे होतात ७६४ मेगापास्कल.

आता माथ्यापर्यंतच्या डेटावरून काढलेलं समीकरण घ्या. `n` ०.१९९, `K` सुमारे ७५०. ते स्ट्रेन १.०२ पर्यंत वाढवलं तर ७५३ येतं. ७६४ आणि ७५३. त्या मुलीने हे दोन आकडे शेजारी मांडले तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून आठवतं. दोन अगदी वेगळ्या वाटांनी आलेले आकडे इतके जवळ आले म्हणजे ना माथा चुकलाय, ना व्यास. ते शंभर-दीडशेने लांब असते तर मी आधी `R` पुन्हा मोजायला सांगितलं असतं, कारण सगळ्यात कच्चं माप तेच असतं.

प्रत्येक स्टील असं समीकरणाला धरून चालत नाही. तेव्हा दोन टोकं धरून मधली वाट काढतात. खालचं टोक म्हणजे वरचं `K`–`n` समीकरण. वरचं टोक म्हणजे माथ्यावरच्या चढाने सरळ रेषेत पुढे नेलेला कर्व्ह, जो आमच्या बारला १.०२ वर ९९१ देतो. खरा कर्व्ह सहसा दोघांच्या मध्ये असतो. किती टक्के कुठल्या बाजूला, हे ठरवायला टेस्टचंच सिम्युलेशन करून लोड–इलाँगेशनचा आलेख जुळेपर्यंत तो वाटा बदलत जायचं. नेकचा व्यास मोजता आला नसेल तर हीच वाट धरा.

हे सगळं कशासाठी, तेही सांगतो. परिसरातल्या एका कोल्ड फोर्जिंग युनिटमध्ये पिनचं डोकं घडवायचं सिम्युलेशन केलं होतं आणि मटेरियल कार्डात असाच शेवटपर्यंत ओढलेला कर्व्ह भरला होता. कर्व्ह ०.३१ ला ४५० वर संपत होता. टेबल संपलं की बरीच सॉफ्टवेअर शेवटचा आकडा तसाच पुढे धरतात. घडवताना डोक्याच्या कडेला स्ट्रेन १ च्या आसपास जातो. म्हणजे जिथे स्टील ७६० च्या आसपास जोर मागत होतं तिथे संगणक ४५० धरून बसला होता. प्रेसचा अंदाजलेला लोड अर्थातच खूप कमी निघाला आणि पंच निवडताना तोच आकडा वापरला गेला. पत्र्याच्या कामात याच चुकीचं रूप वेगळं असतं. उतरता कर्व्ह दिला की मॉडेलमध्ये धातू स्ट्रेनबरोबर मऊ होतो, सगळं ताणणं जाळीच्या एकाच ओळीत गोळा होतं, आणि जाळी बारीक केली की उत्तर बदलतं. जाळी बदलली की फुटण्याची जागाही हलते, असं दिसलं तर आधी मटेरियल कार्डचा शेवटचा भाग उघडून बघा.

कार्ड भरताना आणखी एक गोष्ट. सॉफ्टवेअरला प्लास्टिक स्ट्रेन हवा असतो, एकूण स्ट्रेन नाही. एकूण ट्रू स्ट्रेनमधून `sigma / E` वजा करा, आणि पहिल्या ओळीत प्लास्टिक स्ट्रेन शून्य ठेवा. ५४४ ला, `E` दोन लाख मेगापास्कल धरला तर, ही वजाबाकी ०.००२७ ची आहे. मोठ्या स्ट्रेनला किरकोळ, यील्डजवळ मात्र नाही.

या दुरुस्तीची मर्यादा सांगितली नाही तर पुढच्याच आठवड्यात कुणीतरी ती पट्टीच्या सॅम्पलवर लावेल. ब्रिजमनचं सूत्र गोल काटछेदाच्या, सारख्या धातूच्या बारसाठी आहे. पत्र्याच्या सपाट सॅम्पलमध्ये आधी रुंदीत पसरट नेक पडते आणि मग ओढीच्या दिशेशी सुमारे ५५ अंशांत एक तिरकी बारीक पट्टी तयार होते. तिथे `a` आणि `R` ला काही अर्थच उरत नाही. तिथे पृष्ठभागावर ठिपके मारून कॅमेऱ्याने स्ट्रेन मोजणं किंवा वर सांगितलेली सिम्युलेशन जुळवायची वाट, हेच पर्याय. टीएमटी सळईलाही हे सूत्र लावू नका. तिची बाहेरची साल कडक आणि गाभा मऊ असतो, वर रिब्ज असतात, आणि क्षेत्रफळ व्हर्नियरने न काढता वजनावरून काढलेलं असतं. जालन्याच्या मित्रांना मी एवढंच सांगतो की सळईत नेकनंतरचा ट्रू कर्व्ह शोधत बसू नका. मॅक्सिमम लोडवरचं एकूण इलाँगेशन नीट मोजा. फे ५०० डी ला ते किमान ५ टक्के लागतं. भूकंपात सळई किती ताण सोसेल हे तोच आकडा सांगतो, आणि तो नेकच्या आधीचा असल्यामुळे गेज लेंथच्या भानगडीतून सुटलेला असतो.

गोल बारमध्येही अगदी शेवटच्या एक-दोन बिंदूंवर फार भिस्त ठेवू नका. तुटण्याआधी नेकच्या मधोमध बारीक पोकळ्या तयार होऊन जुळू लागतात. कप-कोन फ्रॅक्चरमधला कपाचा सपाट तळ म्हणजे तीच जागा. बाहेरून मोजलेला व्यास तेव्हा आतली भेग झाकून ठेवतो, आणि `P / A` मधला `A` खऱ्यापेक्षा मोठा पडतो. म्हणून लोड सटकन कोसळायला लागण्याच्या आधीचं रीडिंग घ्या, कोसळतानाचं नको. आमच्या २६.० किलोन्यूटनच्या पुढे मशीनने १९ आणि ११ अशा दोन ओळी नोंदल्या होत्या. त्या मुलीने आधी ११ ची ओळ घेतली होती, आणि तिथे स्ट्रेस ३८९ आला होता.